दुसरी मोटर घेण्याआधी पाइप बघा

विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे, पण चढावरच्या वावरात धार बारीक पडते. मग तेवढीच दुसरी मोटर घ्यायची, तिचं पाणी त्याच पाइपलाइनला जोडायचं आणि पाणी दुप्पट करायचं, असा हिशेब अनेक घरांत मांडला जातो. प्रत्यक्षात पाणी दुप्पट होत नाही. का होत नाही, ते कागदावर दोन रेघा काढल्या की दिसतं.

पहिली रेघ पंपाची. कागदावर आडवं मोजायचं ते सेकंदाला किती लिटर पाणी, आणि उभं मोजायचं ते पंप किती मीटर उंचीइतका जोर लावतो. त्यालाच हेड म्हणतात. समजा, आपला पंप व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना ४० मीटर हेड देतो. पाणी वाहू लागलं की हेड उतरतं: सेकंदाला ४ लिटरला साडेछत्तीस मीटर, ६ लिटरला ३२, ८ लिटरला २६. म्हणजे रेघ डावीकडून उजवीकडे खाली वाकत जाते. पंप बनवणाऱ्याकडे हा आलेख मागितला तर मिळतो.

दुसरी रेघ पाइपलाइनची. विहिरीतल्या पाण्यापासून वावरातल्या तोंडापर्यंतचा चढ २२ मीटर धरू. एक थेंबही वाहत नसला तरी एवढं हेड लागणारच, म्हणून ही रेघ शून्यातून नव्हे, २२ वरून सुरू होते. त्यावर पाइपातलं घर्षण चढतं. ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप ३०० मीटर टाकला असेल, तर सेकंदाला ६ लिटर नेताना सुमारे १० मीटर हेड घर्षणातच जातं. पाणी दुप्पट करायला गेलं तर घर्षण जवळजवळ चौपट होतं, त्यामुळे ही रेघ उजवीकडे झपाट्याने वर जाते.

दोन्ही रेघा ६ लिटर आणि ३२ मीटरवर एकमेकींना छेदतात. तोच कार्यबिंदू. पंप त्याहून जास्त पाणी ढकलू पाहील तर पाइपला लागणारं हेड पंपाकडे नसतं. कमी ढकलेल तर हेड शिल्लक उरतं आणि प्रवाह आपोआप वाढतो. मोटर चालू केल्यावर काही क्षणांतच सगळं या बिंदूवर येऊन स्थिरावतं.

आता दुसरी मोटर जोडू. प्रत्येक हेडला दोघींचं पाणी मिळून दुप्पट धरायचं आणि नवी रेघ काढायची. ती पाइपच्या चढत्या रेघेला १२ लिटरवर भेटत नाही, सुमारे ७.३ लिटरवर भेटते. दोन्ही मोटरी आता जेमतेम साडेतीन-पावणेचार लिटर देतात, आणि विजेचा खर्च मात्र दुपटीच्या आसपास जातो. दुसरा पंप कमी हेडचा, बंद व्हॉल्व्हलाही ३० मीटरच देणारा असेल, तर ३२ मीटरच्या लाइनमध्ये तो काहीच घालू शकत नाही. नुसता फिरत आणि तापत राहतो.

त्याऐवजी जुनाच पंप ठेवून ९० मिलिमीटरचा पाइप टाकला तर? घर्षण निम्म्याहून खाली येतं, पाइपची रेघ चपटी होते आणि छेदनबिंदू याच ७.३ लिटरच्या आसपास सरकतो. एकाच मोटरवर. पाइपचा पैसा एकदाच जातो, विजेचा दर हंगामात, आणि म्हणूनच हा हिशेब खरेदीच्या आधी व्हायला हवा.

बिंदू ऋतूप्रमाणेही हलतो. एप्रिलमध्ये विहिरीची पातळी ८ मीटर उतरली की पाइपची सगळी रेघ तेवढीच वर उचलली जाते आणि ७५ मिलिमीटरच्या लाइनवर ६ लिटरचे साडेचार होतात. मोटर बिघडलेली नसते. उलट भरल्या विहिरीवर पाइप काठाशीच सोडून पाणी सोडलं, तर बिंदू फार उजवीकडे जातो. अशा वेळी बऱ्याच पंपांच्या मोटरी जास्त अँपिअर ओढतात आणि वाइंडिंग जळण्याची भीती असते. नेमप्लेटवर हेडची खालची मर्यादा दिलेली असते ती यासाठी.

स्वतःचा बिंदू शोधायला दोनशे लिटरचा ड्रम आणि घड्याळ पुरतं. ३३ सेकंदांत भरला तर ६ लिटर, ४५ सेकंद लागले तर साडेचार. सोबत विहिरीच्या काठावर, डिलिव्हरी पाइपवर प्रेशर गेज बसवावा आणि पाण्याची पातळी सारखी असतानाच्या नोंदी ताडून पाहाव्यात. पाणी घटलं आणि गेजचा काटाही उतरला, तर पंपाची रेघ खाली आली आहे: इम्पेलर झिजला असेल, व्होल्टेज कमी असेल किंवा विहिरीतल्या पाइपला गळती असेल. पाणी घटलं पण काटा चढला, तर अडथळा गेजच्या पुढे आहे. तेव्हा पंप न खोलता आधी ठिबकचा फिल्टर धुवावा आणि अर्धवट राहिलेला व्हॉल्व्ह शोधावा.