करारावरची सही खरी, की नुसतं चित्र?

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याने गेल्या हंगामात मला एक पीडीएफ पाठवली. मुंबईच्या खरेदीदाराशी वर्षभराच्या पुरवठ्याचा करार होता, अकरा पानांचा. शेवटच्या पानावर खरेदीदाराची निळ्या शाईतली सही, तिच्याखाली "Digitally signed by" आणि नाव, तारीख, वेळ, शेजारी हिरवी बरोबरची खूण. "दादा, डिजिटल सही आली. आता गाडी भरू ना?" त्यांनी फोनवर विचारलं. मी संगणकावर फाइल उघडून त्या सहीवर क्लिक केलं. काहीच उघडलं नाही. सही, नाव, तारीख आणि हिरवी खूण, सगळं मिळून एक चित्र होतं. कुणीतरी ते पानावर चिकटवलं होतं.

खरेदीदाराच्या मनात खोट होती असं मी म्हणत नाही. कचेरीतल्या कुणाला तरी डिजिटल सही म्हणजे असंच काही असतं असं वाटलं असेल. पण त्या चित्राच्या भरवशावर लाखांचा माल रवाना होणार होता. म्हणून खरी सही कशी ओळखायची ते नीट सांगायला हवं.

डिजिटल सही पानावर दिसते ती नव्हेच. ती फाइलच्या पोटात असते. सही करताना संगणक आधी सगळ्या फाइलचा 'हॅश' काढतो, म्हणजे त्या फाइलचा अंगठाच म्हणा. सध्या वापरात असलेल्या एसएचए-२५६ पद्धतीत हा अंगठा ६४ अक्षरांचा असतो, मग करार दोन पानांचा असो की दोनशे. बेदाण्याच्या दरातला एक आकडा बदला, एक स्वल्पविराम काढा, की अंगठा पार बदलून जातो. मग हा अंगठा सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीने शिक्कामोर्तब होतो. ही किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते, बाजारात ज्याला सगळे 'डोंगल' म्हणतात. किल्ली डोंगलच्या बाहेर येत नाही. पिन टाकल्यावर काम आतच होतं. तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली प्रमाणपत्रात असते आणि ते प्रमाणपत्र सहीबरोबर फाइलमध्ये जातं. समोरचा माणूस त्या किल्लीने शिक्का तपासतो, फाइलचा अंगठा स्वतः पुन्हा काढतो आणि दोन्ही जुळतात का ते पाहतो.

यातून एक गोष्ट आपोआप घडते. प्रत्येक करारावरची सही वेगळी असते, कारण प्रत्येक फाइलचा अंगठा वेगळा. कागदावरची सही स्कॅन करून दुसरीकडे डकवता येते, ही येत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ३ मध्ये डिजिटल सही म्हणजे हीच किल्ल्यांची जोडी आणि हॅशची पद्धत आहे.

सहीने नेमका किती मजकूर बांधला आहे, याचीही नोंद फाइलमध्येच असते. ती अशी दिसते:

```
/ByteRange [0 48210 64596 3120]
```

अर्थ सोपा आहे. सुरुवातीपासून ४८,२१० बाइट, आणि मग ६४,५९६ व्या जागेपासून पुढचे ३,१२० बाइट, एवढा भाग सहीखाली आला. मधली १६,३८६ बाइटची फट खुद्द सही ठेवायला मोकळी सोडलेली आहे. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज ६७,७१६. फाइलचा आकार तेवढाच असेल तर सहीनंतर फाइलमध्ये काहीही जोडलेलं नाही. आकार जास्त असेल तर नंतर भर पडली आहे. ती भर वैधही असू शकते, कारण दुसऱ्या पक्षाची सही अशीच मागे जोडली जाते आणि पहिला भाग जसाच्या तसा राहतो. पण भर कसली आहे हे पाहिलं पाहिजे. हे आकडे वाचत बसायचं काम तुमचं नाही, अॅक्रोबॅट रीडर ते करतो. त्याच्या सह्यांच्या पट्टीत "Document has not been modified since this signature was applied" असं वाक्य मिळतं. खूण पाहायची ती तिथे, पानावर नव्हे.

पण अंगठा जुळला म्हणजे काम संपलं, असं नाही. अॅक्रोबॅटमध्ये कुणीही पाच मिनिटांत स्वतःच्या हाताने एक 'डिजिटल आयडी' बनवू शकतो आणि त्यावर हवं ते नाव घालू शकतो. त्या आयडीने केलेल्या सहीचा अंगठा अगदी बिनचूक जुळेल. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो: या किल्लीमागे जो माणूस आहे म्हणतात, तो आहे हे सांगितलं कुणी?

भारतात याचं उत्तर एका साखळीत आहे. सर्वांत वर केंद्र सरकारचे प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक, ज्यांना सीसीए म्हणतात. त्यांनी परवाना दिलेल्या संस्था, उदाहरणार्थ ईमुद्रा, एनकोड किंवा सीडॅक, माणसाची ओळख तपासून प्रमाणपत्र देतात. १ जानेवारी २०२१ पासून 'क्लास २' बंद झाला. आता मिळतं ते 'क्लास ३', जास्तीत जास्त तीन वर्षांचं. सहीवर क्लिक करून प्रमाणपत्र उघडलं की ही साखळी दिसते. सगळ्यांत वर "CCA India" आणि वर्ष असलं पाहिजे. साखळीत एकच नाव असेल आणि तेच सही करणाऱ्याचं असेल, तर ती घरी बनवलेली सही आहे.

इथे बरेच जण उलट्या बाजूनेही फसतात. आधारची डाउनलोड केलेली पीडीएफ आठवा. तिच्यावर पिवळं प्रश्नचिन्ह आणि "Validity unknown" असतं. आधार खोटं नसतं. आपल्या संगणकातल्या रीडरला आपल्या सरकारची साखळी ओळखीची नसते, इतकंच. प्रमाणपत्र उघडून "Add to Trusted Certificates" केलं की प्रश्नचिन्ह जातं. मात्र करारावर असं चिन्ह दिसलं, की आधी साखळी वाचा आणि मगच विश्वास टाका. घरी बनवलेल्या प्रमाणपत्रावर हेच बटण दाबलं, तर खोटी सही तुमच्या संगणकावर हिरवी होऊन बसेल, आणि ती तुम्हीच केलेली असेल.

तिसरा प्रश्न वेळेचा. सही केली त्या क्षणी प्रमाणपत्र जिवंत होतं का? मुदत संपलेली नव्हती ना, डोंगल हरवल्यामुळे ते रद्द झालेलं नव्हतं ना? सहीच्या तपशिलात "Signing time is from the clock on the signer's computer" असं आलं, तर ती वेळ सही करणाऱ्याच्या स्वतःच्या घड्याळाची आहे, आणि ते घड्याळ मागेपुढे करता येतं. करार तीन-चार वर्षांचा असेल तर सहीला टाइमस्टँप हवा. तो तिऱ्हाईत सर्व्हरकडून येतो आणि सहीत कायमचा गोठतो. मुदत संपल्याने आधीची सही रद्द होत नाही. पण टाइमस्टँप नसेल तर ती मुदतीतच केली होती हे दाखवणं अवघड होतं. डोंगल नसलेल्यांसाठी आधारच्या ओटीपीवर होणारी ई-साइन आहे. तिचं प्रमाणपत्र जेमतेम अर्ध्या तासाचं असतं, म्हणून तिथे टाइमस्टँपवाचून भागत नाही.

तासगावच्या करारावर मग आम्ही सह्या पुन्हा करून घेतल्या, आणि क्रम आधी ठरवला. सगळ्यांत आधी मुद्रांक. डिजिटल करार मुद्रांकातून सुटतो असा एक समज आहे, तो चुकीचा. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात दस्तऐवज म्हणताना इलेक्ट्रॉनिक अभिलेखही धरलेला आहे. मुद्रांकाचं पान सह्यांनंतर फाइलला जोडायला गेलात तर अंगठा बदलतो आणि दोन्ही सह्या मोडतात. म्हणून ते आधी जोडून अंतिम पीडीएफ तयार केली. पहिली सही खरेदीदाराची. त्यांना एकच सूचना दिली: "Lock document after signing" या चौकटीत खूण करू नका. ती खूण शेवटच्या सहीकर्त्याने करायची. पहिल्याने केली तर दुसऱ्याला सही करायला फाइल उघडी राहत नाही. मग आमच्या व्यापाऱ्यांनी "Use a certificate" मधून सहीची चौकट आखली, पिन टाकली, फाइल नव्या नावाने जतन केली. ती कुणी पुन्हा 'प्रिंट टू पीडीएफ' केली नाही, आकार कमी करणाऱ्या संकेतस्थळावर चढवली नाही. या दोन्हींत नवी फाइल तयार होते आणि खरी सही मागेच राहते.

या सगळ्यात एक अडचण मला आधीच माहीत होती. व्यापाऱ्यांचं डोंगल त्यांच्याकडे नव्हतंच. ते जीएसटी आणि आयकराच्या कामासाठी सीएंच्या कचेरीत होतं, वर पिन लिहिलेली चिठ्ठी चिकटवून. आपल्याकडे निम्म्या धंद्यांत हेच चालतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा धोका हाच आहे. कायद्याने किल्ली ताब्यात ठेवण्याची जबाबदारी ज्याच्या नावावर प्रमाणपत्र आहे त्याची. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणन संस्थेला ताबडतोब कळवायचं, तोवर जबाबदारी त्याचीच. त्या कचेरीतल्या कुणीही सही केली असती तर अंगठा जुळला असता, साखळी "CCA India" पर्यंत पोचली असती, वेळही बरोबर आली असती. 'ही मी केली नाही' हे सिद्ध करायचं ओझं मग व्यापाऱ्यांच्या डोक्यावर.

कारण न्यायालयात अशा सहीचं वजन मोठं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, आधीच्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणेच, सुरक्षित इलेक्ट्रॉनिक सही ज्याच्या नावाची आहे त्यानेच ती मान्यतेने केली असं गृहीत धरून चालता येतं. चिकटवलेल्या चित्राला हा आधार नाही. त्याचा अर्थ चित्राचा करार कवडीमोल, असाही नाही. संमती ईमेलमधूनही सिद्ध होते आणि २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ईमेलवर झालेला करार मान्य केला होता. पण तिथे प्रत्येक गोष्ट सिद्ध करत जावं लागतं. आणि मृत्युपत्र किंवा न्यासपत्र अशा सहीने होतच नाही, तिथे कागदच लागतो.

आता ते डोंगल व्यापाऱ्यांच्या तिजोरीत आहे. पिन बदलली आहे, आणि सीएंकडे काम असलं की ते स्वतः जाऊन पिन टाकतात. करार दोन पेन ड्राइव्हवर आहे. त्याची छापील प्रतही फायलीत लावली आहे, पण तिच्यावर त्यांनी पेनाने लिहून ठेवलं आहे: 'ही फक्त वाचायला, मूळ पीडीएफ पेन ड्राइव्हवर.'