मुठीतला कप बदलताना

स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'ई.टी.' या १९८२ सालच्या चित्रपटात मुलांचा पाठलाग करणाऱ्या सरकारी माणसांच्या हातात बंदुका होत्या. २००२ साली चित्रपट पुन्हा झळकला, तेव्हा त्याच माणसांच्या हातात वॉकी-टॉकी दिसले. दृश्य नव्याने चित्रित केलं नव्हतं, संगणकावर हातातली वस्तू तेवढी बदलली होती. पुढे स्पीलबर्गना याचा पश्चात्ताप झाला आणि २०१२च्या आवृत्तीत बंदुका परत आल्या.

आज हेच काम छोट्या फोटो स्टुडिओतही चालतं. समजा, एका चहावाल्याच्या जाहिरातीसाठी काढलेल्या फोटोत गिऱ्हाइकाच्या हातात लाल कागदी कप आहे आणि आता त्याला तिथे मातीचा कुल्हड हवा आहे. चार बोटं कपाच्या पुढून आली आहेत, अंगठा मागे गेला आहे. कुल्हड नुसता वर चिकटवला तर बोटं झाकली जातात. म्हणून फोटोचे तीन थर करावे लागतात: खाली मूळ फोटो, मध्ये कुल्हड आणि सर्वांत वर फक्त ती चार बोटं.

पण त्याआधी कुल्हड निवडावा लागतो, आणि निम्मं यश इथेच ठरतं. मूठ जेवढ्या जाडीच्या वस्तूभोवती वळली होती, ती जाडी बोटांच्या वळणात कायम राहते. नवी वस्तू बारीक असेल तर बोटं हवेत वाकलेली दिसतात, जाड असेल तर ती वस्तूत रुतल्यासारखी वाटतात. कागदी कपासारखाच खाली निमुळता, साधारण तेवढ्याच घेराचा कुल्हड घ्यायचा. त्याचा फोटो काढताना कॅमेरा मूळ फोटोइतक्याच उंचीवर हवा. उंची चुकली तर कुल्हडाचं तोंड जास्त गोल किंवा जास्त चपटं दिसतं, आणि काय बिघडलंय ते सांगता आलं नाही तरी बघणाऱ्याला खटकतंच. उजेडही त्याच बाजूने यायला हवा.

मग बोटं कापायची. फोटो दोन-तीन पट मोठा करून पेन टूलने प्रत्येक बोटाची कड आखतात. रेघ कडेवरून न नेता एखादा पिक्सेल आतून नेतात, नाहीतर जुन्या कपाची लाल किनार बोटांसोबत येते. कड अर्ध्या-एक पिक्सेलने मऊ करतात, कारण कॅमेऱ्यातल्या फोटोत कुठलीच कड ब्लेडने कापल्यासारखी नसते. कुल्हड बुटका असल्याने जुन्या कपाचा वरचा भाग उघडा पडतो. तिथे मागचा चौकड्यांचा शर्ट क्लोन स्टॅम्पने भरून काढावा लागतो, आणि चौकड्यांच्या रेघा जुळवण्यात बराच वेळ जातो.

एवढं होऊनही बोटं बहुतेकदा स्टिकरसारखीच दिसतात. त्यांची सावली कुल्हडावर पडलेली नसते ना! त्यासाठी बोटं आणि कुल्हड यांच्या मधे Multiply मोडमधला आणखी एक थर घालतात आणि तो फक्त कुल्हडापुरता मर्यादित ठेवतात. बोट जिथे मातीला टेकतं तिथे अगदी बारीक, गडद रेघ, आणि उजेडाच्या विरुद्ध बाजूला थोडी रुंद, फिकट सावली. रंग काळा न घेता कुल्हडाचाच गडद तपकिरी घेतात, कारण निव्वळ काळी सावली काजळ फासल्यासारखी दिसते. हात वस्तूला खरोखर धरतो तो या बारीक रेघेमुळे.

आणखी एक खूण सहज नजरेतून निसटते. लाल कपावरून परतलेला उजेड बोटांच्या आतल्या बाजूला लालसर झाक देतो. कप गेला तरी झाक उरते. Color मोडचा थर घेऊन, कपापासून दूरच्या त्वचेचा रंग उचलून तो हलक्या ब्रशने फिरवला की लाली जाते आणि त्वचेचे उजेड-अंधार मात्र तसेच राहतात. शेवटी कुल्हडाच्या फोटोची धार आणि त्यातला रवा मूळ फोटोशी जुळवतात. पुष्कळजण तपासणीसाठी चित्र आडवं उलटवून बघतात, म्हणजे सरावलेल्या नजरेतून सुटलेली चूक दिसते.

चहावाल्याने कुल्हडाऐवजी काचेचा कटिंगचा ग्लास मागितला तर ही युक्ती अडते. काचेतून मागचा अंगठा थोडा वाकडा, चहाच्या रंगात बुडालेला दिसायला हवा, आणि कागदी कपाने तो मुळात झाकलेलाच होता. जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते कापून वर आणणार कुठून? अशा वेळी त्याच उजेडात, तशाच मुठीत खरा ग्लास धरून नवा फोटो काढतात आणि ग्लासासकट पूर्ण हातच बदलतात. जोड मनगटाशी घेतात, शर्टाच्या बाहीखाली किंवा बांगड्यांच्या मागे.