गप्प राहण्याची तालीम

कुणाच्या घरी दुःख झाले की आपण भेटायला जातो, बसतो आणि दोन मिनिटांत बोलू लागतो, 'सब्र करा, अल्लाहची मर्जी.' नियत चांगलीच असते, पण पुष्कळदा त्या वाक्याने समोरच्याचे बोलणे तिथेच अडते. समुपदेशन शिकणाऱ्या नव्या मुलामुलींची पहिली अडचणही हीच असते. प्रश्न विचारणे त्यांना लवकर जमते. समोरचा माणूस थांबला की आपणही थांबणे जमत नाही.

यात त्यांचा दोष नाही. रोजच्या गप्पांत एकाचे संपले की दुसरा सरासरी पाव सेकंदाच्या आसपास बोलू लागतो. जगातल्या दहा भाषांच्या २००९ सालच्या अभ्यासात थोड्याफार फरकाने हेच दिसले. म्हणून तीन सेकंदांची शांतताही शिकणाऱ्याला मोठी वाटते आणि ती भरून काढायला तो काहीतरी विचारतो. तो प्रश्न समोरच्याच्या गरजेतून येत नाही, स्वतःच्या अस्वस्थतेतून येतो.

साखरखेर्ड्यातली एक भेट डोळ्यांपुढे आणू. ही कल्पनेतलीच आहे, पण अशी घरे आपल्या ओळखीची आहेत. सोयाबीन हाती लागले नाही, कर्ज थकले आहे आणि नवरा बोलेनासा झाला आहे. समुपदेशन शिकणारी गावातलीच मुलगी विचारते, "खाला, घरी कसं चाललंय?" खाला म्हणतात, "ठीकच आहे बेटी. तसं पाहिलं तर..." आणि ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत गप्प होतात. दोन सेकंद जातात. मुलगी घाबरून विचारते, "मुलं शाळेत जातात ना?" खाला सुटल्यासारख्या 'हो' म्हणतात आणि पुढची दहा मिनिटे शाळेवरच जातात. 'तसं पाहिलं तर'च्या पुढे काय होते, ते राहूनच जाते.

तीच मुलगी मनात सावकाश दहापर्यंत मोजायला शिकली असेल तर? आठव्या आकड्याला खाला म्हणतात, "ते रात्री उठून गोठ्यात जाऊन बसतात. फवारणीचं औषध तिथंच ठेवलंय."

आता मात्र गप्प राहायचे नाही. शांततेचा उपयोग इथे संपतो. "ते जिवाचं काही बरंवाईट करतील अशी भीती वाटते का, खाला?" असे स्पष्ट विचारायचे. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. मग ते औषध आजच घराबाहेर हलवायला सांगायचे, आपल्या मार्गदर्शकाला लगेच कळवायचे आणि सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यायचा.

मोजण्याची ही सवय तालमीने येते. दोघे समोरासमोर बसतात. एक जण आपली खरी, पण लहानशी काळजी सांगतो, दुसरा तीन मिनिटे फक्त ऐकतो. मान हलवायची परवानगी, प्रश्नाला बंदी. नंतर ऐकणाऱ्याने सांगायचे, की कोणता प्रश्न किती वेळा जिभेवर आला. पहिल्या दिवशी बहुतेकांना हसू येते. हसणे हाही शांतता मोडण्याचाच एक मार्ग आहे.

दुसरी रीत रेकॉर्डिंगची. गोव्यात 'संगत' या संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या साध्या माणसांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटी घ्यायला शिकवले. तिथे भेटींचे ध्वनिमुद्रण सहकारी एकत्र बसून ऐकत आणि कामाला गुण देत. असे रेकॉर्डिंग विराम शिकायलाही उत्तम. शांतता आली की ते थांबवायचे आणि विचारायचे, ही मोडली कुणी? मोडली नसती तर बोलणे कुठे गेले असते? आमच्या मते व्याख्यानापेक्षा हे जास्त शिकवते, कारण आपली घाई स्वतःच्याच कानांनी ऐकावी लागते.

पण प्रत्येक शांतता सारखी नसते. नजर खाली किंवा दूर गेली, श्वास खोल झाला, डोळे भरले, तर माणूस आत काहीतरी शोधतो आहे. त्याला शोधू द्यावे. नजर पुन्हापुन्हा दाराकडे किंवा आपल्या चेहऱ्याकडे येत असेल, तर तो अवघडला आहे. कदाचित अंगणात सासू बसली असेल. तिथे वाट पाहणे म्हणजे छळ. जागा बदलावी, नाहीतर "सावकाश बोला, मला घाई नाही" एवढे म्हणावे. पहिल्याच भेटीत लांब शांतता परीक्षेसारखी वाटते, म्हणून तिथे ती आखूडच बरी. भास होणाऱ्या किंवा फार संशयी झालेल्या माणसाला ती भीतीदायक वाटू शकते.

फोनवर तर चेहराच दिसत नाही आणि लाईन तुटली की काय, असे वाटते. तिथे मध्येमध्ये हळूच 'हं' किंवा 'ऐकतेय मी' म्हणावे लागते, आणि पुन्हा गप्प.