चंद्रपूरचा शेतकरी आणि गोठ्यातला सर्रा

2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी नागपूरच्या डॉक्टरांपुढे आला. पाच महिने त्याला ताप येत होता. काही दिवस अंग फणफणायचं, मग उतार पडायचा आणि पुन्हा ताप चढायचा. विदर्भात असा ताप म्हटला की आधी हिवतापाची शंका घेतली जाते. या माणसाच्या रक्ताच्या काचपट्टीवर मात्र हिवतापाचे जंतू नव्हते. तांबड्या पेशींच्या मधून वळवळत जाणारे, शेपटीसारखा लांब धागा असलेले निराळेच जीव तिथे दिसत होते. जनावरांच्या डॉक्टरांना ते ओळखीचे आहेत. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हे त्यांचं नाव. उंट, घोडे, गाई-म्हशींना होणाऱ्या सर्रा रोगाचा हा परजीवी. माणसाला त्याची लागण झाल्याचं खात्रीशीररीत्या सिद्ध झालेलं हे जगातलं पहिलं उदाहरण होतं आणि त्याचा वृत्तांत 2005 मध्ये प्रसिद्ध झाला.

हा जंतू सापडला तोही हिंदुस्थानातच. 1880 मध्ये डेरा इस्माईल खान इथे लष्कराचे घोडे आणि उंट झुरून मरत होते. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याला चौकशीसाठी तिथे पाठवलं होतं. आजारी जनावरांच्या रक्तात त्याला हे जंतू दिसले. ते रक्त निरोगी जनावरांना टोचलं, तेव्हा तीही आजारी पडली. उंदरांच्या रक्तातले असेच जंतू दोन वर्षांपूर्वी कलकत्त्यात पाहिले गेले होते आणि ते निरुपद्रवी वाटले होते. त्यामुळे इव्हान्सचं म्हणणं अनेकांना पटेना. 1885 मध्ये ब्रह्मदेशातल्या खेचरांच्या रक्तात जे. एच. स्टील यालाही हेच जंतू आढळले. त्याने त्यांना इव्हान्सचं नाव दिलं आणि पुढे मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा तो पहिला प्राचार्य झाला. आपल्या महाराष्ट्राचं या रोगाशी असलेलं नातं इतकं जुनं आहे.

आफ्रिकेतल्या निद्रारोगाचे जंतू आणि हा जंतू एकाच कुळातले. तिथला जंतू त्सेत्से माशीच्या पोटात शिरतो, तिथे रूप पालटतो, वाढतो आणि मगच दुसऱ्या प्राण्याच्या अंगात जातो. सर्राच्या जंतूने माशीत वाढण्याची ती क्षमताच गमावली आहे. त्यासाठी लागणारा जनुकीय साठा त्याच्याजवळ उरलेला नाही. म्हणूनच तो त्सेत्सेच्या मुलखाबाहेर पडू शकला आणि उत्तर आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत, शिवाय दक्षिण अमेरिकेतही पसरला. त्याला कोणतीही मोठी चावरी माशी चालते.

या माशा म्हणजे घोडमाशा आणि गोठ्यातल्या चावऱ्या माशा. घोडमाशी डासासारखी हळूच सुई खुपसत नाही. ती सुरीसारख्या मुखावयवांनी कातडं कापते आणि वर आलेलं रक्त चाटून पिते. हे इतकं दुखतं की म्हैस शेपटी मारते, अंग झटकते. माशी अर्ध्या जेवणावरून उठते आणि शेजारच्या जनावरावर बसून पोट भरते. तोंडाला लागलेलं ओलं रक्त पहिल्या जनावराचं, आणि चावा दुसऱ्याला. एकच न धुतलेली सुई दोघांना टोचावी, असा हा प्रकार. रक्त वाळलं की जंतू मरतात, त्यामुळे लागण व्हायची ती बहुधा काही मिनिटांतच होते. जनावरं खेटून बांधलेली असली की जंतूचं फावतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर ओल्या, दलदलीच्या जागी घोडमाशा वाढतात आणि रोगही तेव्हाच डोकं वर काढतो. खरोखरची सुई न बदलता कळपाला टोचत जाणारा माणूसही अगदी हेच काम करतो, हे विसरू नये.

घोड्याला हा रोग लवकर मारतो. ताप, रक्तक्षय, पोटाखाली आणि पायांवर सूज, आणि उपचार नसतील तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शेवट. उंट मात्र झिजत राहतो. त्याचं वशिंड उतरतं, मादी गाभडते आणि आजार वर्षानुवर्षं रेंगाळतो. राजस्थानातले उंटपाळ त्याला तिबरसा म्हणतात. गाय-म्हैस पुष्कळदा काहीच दाखवत नाही, आणि मला सगळ्यांत काळजी वाटते ती याच गोष्टीची. थोडं दूध घटतं, जनावर खंगल्यासारखं दिसतं, मालक चारा बदलून पाहतो. त्या जनावराच्या रक्तात जंतू असतात आणि माशा त्याच्यावरून उठून दुसरीकडे बसत राहतात. विण्याचा किंवा कामाचा ताण आला की एखादी म्हैस अचानक गोल गोल फिरू लागते, भिंतीला डोकं लावते आणि दगावते.

तपासणी साधी आहे, पण वेळ साधावी लागते. तापात असलेल्या जनावराच्या कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेऊन लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की जंतू दिसण्याआधी त्याची हालचाल कळते, कारण तो तांबड्या पेशींना ढकलत जात असतो. मात्र हा जंतू आपलं वरचं प्रथिनांचं आवरण सतत बदलतो. शरीराने एका आवरणाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली की बहुतेक जंतू मरतात आणि ताप उतरतो. नवं आवरण घेतलेले थोडे मागे उरतात, तेच वाढतात आणि ताप परत येतो. म्हणून ताप नसताना घेतलेलं रक्त कोरं निघालं, तर रोग नाही असं समजू नये. चंद्रपूरच्या शेतकऱ्याचा चढता-उतरता ताप याच खेळाचा होता.

पण गोठ्यात राबणाऱ्या लाखो लोकांना न झालेला रोग त्यालाच का झाला? माणसाच्या रक्तात एपीओएल-1 नावाचं प्रथिन असतं. जंतू ते पोषणाच्या कणांबरोबर आत घेतो, प्रथिन त्याच्या आतल्या पडद्याला भोकं पाडतं आणि जंतू फुगून फुटतो. या शेतकऱ्याच्या रक्तात ते प्रथिन नव्हतंच. आईकडून आलेलं आणि वडिलांकडून आलेलं, दोन्ही जनुकं बिघडलेली होती. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात ते प्रथिन मिसळल्यावर जंतू मरू लागले, असं 2006 मध्ये प्रसिद्ध झालं. मेंदूभोवतीच्या द्रवात जंतू पोचलेले नव्हते. त्यामुळे निद्रारोगाच्या पहिल्या टप्प्यात वापरतात ते सुरामिन त्याला देता आलं आणि तो बरा झाला. लागण बहुधा आजारी जनावराच्या रक्तातून झाली असावी.

मग त्याच्या गावातल्या 1,806 लोकांची तपासणी झाली. रक्ताच्या पहिल्या चाचणीत 410 जणांमध्ये या जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांची खूण मिळाली. रक्तद्रव पातळ करून केलेल्या कडक चाचणीत 81 जण टिकले. त्यांपैकी 60 जणांच्या रक्तात जंतू शोधले, एकाच्याही सापडले नाहीत. म्हणजे जंतू माणसांपर्यंत पोचत असावा आणि त्यांचं रक्त त्याला संपवत असावं, असा माझा अर्थ.

त्या प्रथिनावर विसंबून राहायची मात्र सोय नाही. 2015 मध्ये दक्षिण व्हिएतनाममधल्या एका महिलेला हाच रोग झाला आणि तिची दोन्ही जनुकं धडधाकट होती. मांस कापताना तिच्या हाताला जखम झालेली होती.

जनावरांसाठी क्विनापायरामीनसारखी औषधं आहेत. पण औषध आणि त्याची मात्रा जनावरागणिक बदलते. गाईगुरांना चालणारं डायमिनाझीन उंटाला विषारी ठरू शकतं, तेव्हा दुकानातून स्वतः औषध आणून टोचू नका. पावसाळ्यानंतर म्हैस किंवा बैल तापून तापून खंगत असेल, तर ताप असतानाच पशुवैद्याला बोलावून रक्त तपासून घ्या आणि प्रत्येक जनावराला नवी सुई वापरण्याचा आग्रह धरा. हाताला जखम असताना वीण काढू नका, मेलेलं जनावर उघडू नका. आणि स्वतःचा ताप पुन्हा पुन्हा येत असेल, हिवतापाची तपासणी कोरी निघत असेल, तर आपल्या घरी गोठा आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.