पाठवायचे खरे, पण किती?

चाकणच्या कारखान्यातला एक नवरा, पगार हाती ३०,०००. गावी आईवडिलांना दरमहा १०,००० पाठवायचा. बायको म्हणायची, "पाठवा, पण एवढे नको." त्याला ऐकू यायचं, "पाठवूच नका." भांडण तिथेच अडायचं.

शेवटी तिनेच सासूबाईंना फोन करून महिन्याचा खर्च विचारला. किराणा ३,५००, बीपी-शुगरच्या गोळ्या १,८००, गॅस नि वीजबिल १,२००. झाले ६,५००. आणि उरलेले? सासूबाई जरा घुटमळल्या. धाकट्या दिराच्या मोटारसायकलचा हप्ता त्यातून जात होता.

मग दोघांनी बसून ठरवलं. ६,५०० पहिल्या तारखेला थेट सासूबाईंच्या खात्यावर. त्यांच्याच आजारपणासाठी १,५०० ची बँकेत वेगळी आरडी. हप्ता दिरानं भरायचा. उरले २,००० आपल्या घरात.

आता एक सांगते. स्वतःचं भागत नसेल, तर आईवडिलांना सांभाळणं २००७ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. तो मुलीलाही लागू आहे बरं का! म्हणून तिच्या माहेरचाही आकडा त्याच वहीत लिहिला.

दीर मात्र अजून वहिनीशी बोलत नाही.