वाढलेल्या गुलाबाचा फोटो कसा वाचायचा?



पावसाळा संपत आला की पालकांच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. कुंपणापाशी वाढलेला गुलाब, डोक्याएवढा उंच, फांद्यांचं जाळं झालेलं आणि फूल एखाददुसरंच. सोबत प्रश्न असतो, "किती छाटू?" उत्तरंही लगेच येतात. कोणी म्हणतं अर्धा कापा, कोणी म्हणतं जमिनीपासून एक फूट ठेवा. पण "किती" हा नंतरचा प्रश्न आहे. आधी बघायचं ते असं, की ही फांदी निघाली कुठून? हे न बघता कात्री चालवली तर चांगला गुलाब कापला जातो आणि रानटी तेवढा मागे राहतो.

एका झाडात दोन झाडं

नर्सरीतून आणलेला गुलाब बहुतेक वेळा कलमी असतो. मुळं एका काटक, रानटी गुलाबाची असतात. त्याला खुंट म्हणतात. त्या खुंटावर आपल्याला हव्या त्या जातीचा डोळा भरलेला असतो. डोळा भरला तिथे खोडावर एक जाडसर गाठ दिसते. गाठीच्या वर जे फुटतं ते आपल्या गुलाबाचं आणि गाठीच्या खालून जे फुटतं ते खुंटाचं.

खुंटाचा फुटवा जोमाने वाढतो. मुळांनी घेतलेलं पाणी आणि अन्न तो खेचून घेतो आणि वरचा गुलाब हळूहळू अशक्त होतो. "आधी मोठी लाल फुलं यायची, आता बारीक फिकट फुलांचे घोस येतात" असं कोणी सांगितलं तर तिथे बहुधा हेच झालेलं असतं.

सात पानांचा तो रानटी आणि पाच पानांचा तो चांगला, असं बरेच जण सांगतात. म्हणजे एका देठावरची छोटी पानं मोजायची. यावरून संशय घ्यायला हरकत नाही, पण निर्णय घेऊ नका. चांगल्या जातींनाही कधीकधी सात पानं येतात. खात्रीची खूण एकच, फांदीचा उगम.

एक फोटो वाचून बघू

चौथीच्या वर्गात हा उपक्रम सहज घेता येतो. फोटोची मोठी प्रिंट काढायची आणि बुंध्यापासून निघणाऱ्या प्रत्येक फांदीला पेनाने नंबर द्यायचा. समजा आपल्या फोटोत अशा सात फांद्या आहेत.

एक नंबरची सगळ्यात उंच, सरळसोट, फिकट हिरवी, एकही फूल नसलेली. दोन नंबरची खालून हिरवी, पण शेंड्याकडून वीतभर काळी पडलेली. तीन नंबरची पूर्ण करडी, पानं नाहीत. चार आणि पाच नंबरच्या मधोमध एकमेकींवर घासतात, त्यातली पाच नंबरची बारीक आहे आणि आतल्या बाजूला वळली आहे. सहा आणि सात जाड, निरोगी आणि बाहेरच्या बाजूला वाढलेल्या.

मुलांना विचारलं की कोणती ठेवायची, तर बहुतेकांचं बोट एक नंबरकडे जातं, कारण तीच सगळ्यात ताजी दिसते. इथे थांबायचं. या फोटोत बुंध्याजवळ गवत आहे, उगम दिसत नाही. म्हणून दुसरा फोटो मागवायचा. गवत काढून, बुंध्याजवळची माती बोटभर बाजूला करून, अगदी जवळून काढलेला. या दुसऱ्या फोटोत एक नंबर गाठीच्या खालून निघालेली दिसली, म्हणजे ती खुंटाची. ती जायला हवी.

तीन नंबर वाळलेली वाटते, पण फोटोवरून तसं ठरवू नका. नखाने साल किंचित खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर मेलेली. तीन नंबर मेलेली निघाली तर ती बुंध्यापासून काढायची. चार-पाचच्या जोडीतली बारीक पाच नंबरची काढायची, कारण घासून साल सोलली की त्या जखमेतून बुरशी शिरते.

आता उरल्या दोन, चार, सहा आणि सात. एका झाडाला चार चांगल्या फांद्या पुरेशा आहेत.

आता "किती" आणि "कुठे"

आपल्याकडे गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस थांबल्यावर, साधारण ऑक्टोबरमध्ये करतात. भर पावसात कापलेल्या टोकांवर बुरशी लवकर धरते. तोपर्यंत फक्त मेलेल्या फांद्या आणि खुंटाचे फुटवे काढावेत.

उरलेल्या चार फांद्या गाठीपासून साधारण दीड फुटावर आणायच्या. नेमकी जागा मात्र डोळा बघून ठरवायची. पान जिथे खोडाला चिकटतं, त्या बेचक्यात छोटा फुगवटा असतो, तो डोळा. झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडायचा, म्हणजे नवी फांदी बाहेर जाते आणि मध्ये ऊन-वारा खेळतो. डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप घ्यायचा. उतार डोळ्याच्या उलट बाजूला ठेवायचा, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. काप फार जवळ घेतला तर डोळाच सुकतो. फार लांब घेतला तर वरचं थोटूक वाळतं आणि काळेपणा खाली उतरू लागतो.

दोन नंबरला हाच आजार आहे. याला डायबॅक म्हणतात. इथे दीड फुटाचा हिशोब बाजूला ठेवा. कापल्यावर मधला गाभा बघा. तो तपकिरी असेल तर आणखी खाली कापायचं, पांढरा-हिरवट स्वच्छ गाभा लागेपर्यंत. जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावावी. सिकेटर धारदार हवा आणि रोगट फांदी कापल्यावर तो पुसून घ्यायला हवा. कापणं आणि पेस्ट लावणं मोठ्यांनीच करायचं, मुलांचं काम फोटोवर खुणा करण्याचं.

एक नंबर मात्र कापायची नाही. वरून कापली की बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून दोन-तीन नवे फुटवे येतात. जाड हातमोजे घालून ती उगमापाशी धरायची आणि खालच्या दिशेने हिसका देऊन ओढून काढायची.

ऑक्टोबरच्या मध्यावर छाटणी केली तर साधारण सहा-सात आठवड्यांनी, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला फुलं दिसू लागतात. दोन-तीन आठवड्यांत एखाद्या फांदीवर काहीच फुटलं नाही, तर पुन्हा नखाने साल तपासा.

हा नियम कुठे चालत नाही?

शेजाऱ्यांकडून फांदी आणून लावलेल्या गावठी गुलाबाला गाठच नसते. मुळं आणि फांद्या एकाच झाडाच्या असतात. तिथे जमिनीतून आलेला फुटवा हा त्या गुलाबाचाच असतो, तो उपटून टाकाल तर नवी चांगली फांदी घालवाल. आणि कलमी झाडात सगळ्याच जिवंत फांद्या गाठीखालून निघालेल्या दिसल्या, तर मूळ गुलाब गेलेला आहे. कितीही छाटलं तरी तो परत येणार नाही, नवं रोप लावावं लागेल.

म्हणून यापुढे ग्रुपवर फोटो आला तर उत्तर देण्याआधी दोनच गोष्टी मागा. रोप नर्सरीतलं की फांदी लावलेली, आणि माती बाजूला करून काढलेला बुंध्याचा फोटो.