सव्वीस गुंठे आले कुठून? अक्षांश-रेखांशांवरून शेताचं खरं क्षेत्र

आज एका वावराचं क्षेत्रफळ काढायचं आहे. एकच वावर, सहा कोपरे. पण आधी आमची एक चूक सांगतो, म्हणजे हे सगळं कशासाठी ते कळेल.

एका शेतकऱ्याच्या वावराला आम्ही मोबाइल घेऊन बांधाबांधाने फेरी मारली. कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घेतले, घरी येऊन संगणकावर टाकले आणि क्षेत्र आलं २.१३ हेक्टर. सातबाऱ्यावर होतं १.८७. जवळजवळ सव्वीस गुंठ्यांचा फरक! आम्ही तो आकडा त्यांना फोनवर सांगून टाकला. पुढे काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. शेजारी चुलतभाऊ, बांधाचा जुना वाद, त्यात हा आकडा. शिवाय दोन हेक्टरांच्या आत अल्पभूधारक, बाहेर गेला की नाही, त्यामुळे तीही धास्ती. सातबारा बरोबर होता. चूक आमच्या नकाशात होती.

नाव-गाव सोडून आणि कोपरे आमच्या मनाने धरून तेच उदाहरण घेऊ. जागा धरू निफाडच्या आसपासची, म्हणजे अक्षांश २०.०८ आणि रेखांश ७४.११. सहा कोपरे असे:

```
    अक्षांश     रेखांश
A  20.08000  74.11000
B  20.08010  74.11120
C  20.08070  74.11165
D  20.08095  74.11110
E  20.08150  74.11095
F  20.08130  74.11015
```

D जवळ बांध आत वळलाय, म्हणजे सरळ चौकोन नाही. म्हणून लांबी गुणिले रुंदी चालणार नाही. पण कोपरे ओळीने माहीत असले की क्षेत्र काढायची जुनी रीत आहे: एका कोपऱ्याचा x पुढच्याच्या y ने गुणायचा, त्यातून उलटा गुणाकार वजा करायचा, असं सगळीकडून फिरून बेरीज करायची आणि निम्मी घ्यायची. बुटाच्या नाडीसारखे तिरपे गुणाकार होतात. A ला शून्य धरा आणि बाकीचे कोपरे शेवटच्या, म्हणजे पाचव्या दशांश अंकात मोजा: B म्हणजे पूर्वेला १२०, उत्तरेला १०, C म्हणजे १६५ आणि ७०, असं पुढे. बेरीज येते ३२,३००, निम्मी १६,१५०.

हे १६,१५० काय आहे? चौरस मीटर नाही. अंशाच्या एक लाखाव्या भागाच्या बारीक चौकटी आहेत, आणि आपल्या वावरात त्या १६,१५० बसतात. इथपर्यंत कोणीही चुकत नाही. खरा प्रश्न एवढाच, की एक चौकट किती चौरस मीटरची?

पृथ्वीवर निफाडच्या अक्षांशाला एक अंश उत्तर-दक्षिण म्हणजे ११०.७ किलोमीटर. पण एक अंश पूर्व-पश्चिम म्हणजे १०४.६ किलोमीटरच, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात. म्हणजे आपली चौकट उभी १.१०७ मीटर आणि आडवी १.०४६ मीटर. गुणाकार १.१५८ चौरस मीटर. त्याला १६,१५० ने गुणलं की १८,७०० चौरस मीटर, १.८७ हेक्टर. एकर-गुंठ्यात सांगायचं तर ४ एकर २५ गुंठ्यांना किंचित कमी. सातबारा जुळला.

मग २.१३ कुठून आलं? वेबवरचे बहुतेक नकाशे मर्केटरच्या पद्धतीने काढलेले असतात. मर्केटरने १५६९ मध्ये हा नकाशा केला तो दर्यावर्दी लोकांसाठी. होकायंत्राची एक दिशा धरून चाललं तर नकाशावर ती सरळ रेघ दिसली पाहिजे, ही त्याची गरज होती. त्यासाठी कोन शाबूत राहायला हवेत. आता बघा, सपाट कागदावर सगळे रेखांश समांतर काढले की पूर्व-पश्चिम ताण बसतोच. निफाडला तो साधारण साडेसहा टक्के. कोन राखायचा तर उत्तर-दक्षिणही तेवढंच ताणावं लागतं. म्हणजे क्षेत्र दोन्हीकडून फुगलं. मर्केटरच्या कागदावर आपली चौकट १.३१९ चौरस मीटरची होते, आणि वावर २१,३०८ चौरस मीटरचं. आमचे सव्वीस गुंठे हेच. जमीन नव्हती ती, कागदाचा ताण होता.

समक्षेत्र प्रक्षेपण याच्या बरोबर उलट करतं. पूर्व-पश्चिम जेवढं ताणलं, उत्तर-दक्षिण तेवढंच दाबायचं. एकीकडे सव्वापट झालं तर दुसरीकडे चार-पंचमांश, गुणाकार पुन्हा एक. आकार बिघडेल, पण क्षेत्र जाणार नाही. कल्पना आर्किमिडीजइतकी जुनी आहे: गोलाच्या पट्टीचं क्षेत्र आणि त्याला वेढणाऱ्या नळकांड्यावरच्या तेवढ्याच उंचीच्या पट्टीचं क्षेत्र सारखं असतं. म्हणून उंची अक्षांशाच्या प्रमाणात न मांडता त्याच्या साइनच्या प्रमाणात मांडली की काम झालं. लँबर्टने १७७२ मध्ये नकाशासाठी अशी प्रक्षेपणं मांडली.

एक बारकावा राहतो. पृथ्वी पुरती गोल नाही, ध्रुवांकडे चपटी आहे. तिला सरासरी त्रिज्येचा गोल धरून हाच हिशोब केला तर चौकट १.१६१ येते आणि वावर १८,७५४ चौरस मीटर. म्हणजे सुमारे अर्धा गुंठा जास्त. संगणकाला करायला सांगायचंच तर चपटेपणासकट सांगावं. त्याला काही जास्त कष्ट पडत नाहीत.

आम्ही आता लँबर्टचंच दुसरं प्रक्षेपण वापरतो, ज्यात कागद गोलाला एका बिंदूपाशी टेकवलेला असतो. तो बिंदू वावराच्या मधोमध घेतला की क्षेत्र तर बरोबर येतंच, आकारही जवळजवळ जसाच्या तसा राहतो. पायथॉनमध्ये एवढंच:

```python
from pyproj import Transformer

pts = [(74.11000, 20.08000), (74.11120, 20.08010),
       (74.11165, 20.08070), (74.11110, 20.08095),
       (74.11095, 20.08150), (74.11015, 20.08130)]
t = Transformer.from_crs("EPSG:4326",
    "+proj=laea +lat_0=20.0807 +lon_0=74.1108 +datum=WGS84 +units=m",
    always_xy=True)
xy = [t.transform(lon, lat) for lon, lat in pts]
s = 0
for i in range(len(xy)):
    x1, y1 = xy[i]
    x2, y2 = xy[(i + 1) % len(xy)]
    s += x1 * y2 - x2 * y1
print(abs(s) / 2)
```

आधी रेखांश, मग अक्षांश, हा क्रम बघून ठेवा. आपण बोलताना उलट बोलतो, त्यामुळे ही अदलाबदल हमखास होते. झाली तर तुमचं निफाडचं वावर नॉर्वेच्या उत्तरेला बॅरंट्स समुद्रात जाऊन पडतं. तिथे रेखांश इतके जवळ आहेत की क्षेत्र जेमतेम ५५ आर दिसतं. गंमत अशी, की त्या समुद्रातल्या तुकड्यासाठी ते उत्तर अगदी बरोबर असतं. म्हणून आकड्याआधी नकाशावर तुकडा कुठे पडलाय ते बघावं. तेवढ्याच नजरेत दुसरी चूकही सापडते: कोपऱ्यांचा क्रम चुकला तर बांध एकमेकांना छेदतात, वावर डमरूसारखं दिसतं, आणि एका बाजूचं क्षेत्र दुसऱ्यातून वजा होऊन उत्तर कमी येतं.

QGIS वापरणाऱ्यांसाठी एक सांगतो. तिथे `$area` हे प्रकल्पात ठरवलेल्या लंबगोल पृथ्वीवरचं क्षेत्र देतं, पण `area(@geometry)` हे थर ज्या प्रक्षेपणात आहे त्याच्या सपाट कागदावरचं. थर EPSG:3857 मध्ये असेल, म्हणजे वेबच्या मर्केटरमध्ये, तर दुसरं सूत्र फुगलेला आकडा देणार. आमचं नेमकं तिथेच चुकलं होतं. थर नुसत्या अक्षांश-रेखांशात असेल तर 0.0000016 असं काहीतरी येतं. ते चौरस अंश. त्याने निदान फसायला तरी होत नाही.

(श्रोत्यांमधून प्रश्न: यूटीएम घेतलं तर काय बिघडतं?)

एका वावरासाठी काहीच बिघडत नाही. निफाड ४३ व्या पट्ट्यात येतं, आणि तिथे हेच वावर खऱ्यापेक्षा ११ चौरस मीटर कमी दिसेल. एक खोली समजा. पण ७८ रेखांशावर पट्टा बदलतो आणि ती रेघ विदर्भातून जाते. राज्यभराची हजारो वावरं एकदम मोजायची असली, तर कुठलं कुठल्या पट्ट्यात हे सांभाळण्यापेक्षा सगळ्यांना एकच समक्षेत्र प्रक्षेपण लावणं सोपं. EPSG:6933 त्यासाठी बरं आहे. फक्त त्यात बांधाची लांबी मोजू नका. आपल्याकडे तो नकाशा पूर्व-पश्चिम दाबलेला आणि उत्तर-दक्षिण ताणलेला असतो. तारेच्या कुंपणाचा हिशोब त्यावरून केला तर तार कमी तरी पडेल किंवा उरेल.

आता ज्याबद्दल कोणी विचारत नाही ते. प्रक्षेपण बरोबर झालं, तरी कोपरे कितपत बरोबर आहेत? साध्या मोबाइलवर कोपरा तीनेक मीटर इकडेतिकडे सरकणं रोजचं आहे. आपल्या सहाही कोपऱ्यांना पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशी प्रत्येकी तीन मीटरची स्वतंत्र चूक धरली, तर क्षेत्रात साधारण ५५० चौरस मीटरचा फरक पडू शकतो. साडेपाच गुंठे! दुसरी चूक चालण्याची. या वावराचा घेर ५६५ मीटर आहे. बांधाच्या मधोमध चालायचं सोडून सगळीकडे एक मीटर बाहेरून चाललात, तर पुन्हा साडेपाच गुंठे वाढले. पहिली चूक दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी फेरी मारून सरासरी घेतली की कमी होते. दुसरी होत नाही, कारण सवयीने आपण दर वेळी त्याच बाजूने चालतो. ती ओळखायची तर लगतचं वावरही तसंच मोजावं. दोन्ही तुकडे नकाशावर एकमेकांवर चढले, की समजायचं बांध दोन्हीकडून खाल्ला गेलाय.

म्हणून आम्ही आता उत्तर चौरस मीटरपर्यंत देत नाही. मोबाइलने मोजलेलं असेल तर "१.८७ हेक्टर, पाच-सहा गुंठे इकडेतिकडे" असं म्हणतो. सातबाऱ्याशी ताडताना पोटखराबा धरून एकूण क्षेत्र घेतो, नुसतं लागवडीचं नाही. आणि उतारावर चाललेलं अंतर जास्त भरतं म्हणून जमीन वाढत नाही, सातबाऱ्यावरचं क्षेत्र आडव्या सपाटीचं असतं. प्रक्षेपणातून येतं तेही तेच.

त्या शेतकऱ्याकडे आम्ही परत गेलो, सगळ्या चौकटी कागदावर मांडून दाखवल्या. त्यांनी शेवटी एकच विचारलं, की मग चुलतभावाकडे निघालेली जागा किती? शून्य, म्हटलं. आणि पाच गुंठ्यांच्या आतलं काही असेल, तर ते या मोबाइलला दिसणारच नाही. त्यासाठी रीतसर मोजणीच आणावी लागेल.